केसांभोवती उरलेली हिरवी कड

प्रश्न : सर, मी व्हीएफएक्सचा अभ्यासक्रम करतो आहे आणि कंपोझिटर म्हणून अर्ज करणार आहे. मोकळ्या केसांच्या मुलीला हिरव्या पडद्यासमोर चित्रित करून संध्याकाळच्या दृश्यात बसवले, पण केसांभोवती हिरवी कड राहते. ती घालवली की केस कातरल्यासारखे दिसतात. हा शॉट शोरीलमध्ये ठेवू का?

उत्तर : आत्ता आहे तसा ठेवू नका, दुरुस्त करून मात्र जरूर ठेवा, कारण शॉट पाहणारा अनुभवी माणूस सर्वांत आधी केसांची कडच तपासतो.

आपण बहुधा Keylight या कीअरमध्ये, म्हणजे पडद्याचा रंग वगळणाऱ्या साधनात, Clip Black वाढवत नेऊन हिरवा रंग घालवू पाहत आहात. त्या आकड्याने मॅटमधील, म्हणजे कोणता भाग किती पारदर्शक हे ठरवणाऱ्या कृष्णधवल चित्रातील, करड्या छटा काळ्या होतात आणि केसांच्या अर्धपारदर्शक बटा याच करड्या छटांमध्ये असतात. Screen Matte पाहून खात्री करा : बटांच्या जागी मऊ करडेपणाऐवजी टोकदार, प्रत्येक फ्रेमला थरथरणारी कड दिसली, तर मॅट जास्त आवळली गेली आहे. शरीरासाठी एक घट्ट मॅट आणि केसांसाठी दुसरी मऊ मॅट काढून त्या एकत्र कराव्यात.

केसांवर पडलेला हिरवा उजेड हा मॅटचा दोष नसून रंगाचा आहे, म्हणून तो स्वतंत्रपणे काढावा लागतो. त्याचा नेहमीचा नियम असा :

```
g = min(g, (r + b) / 2)
```

समजा, बटेच्या एका पिक्सेलमध्ये लाल 0.30, हिरवा 0.50 आणि निळा 0.20 आहे. या नियमाने हिरवा 0.25 वर येतो आणि झाक जाते, परंतु उजेडाचा मोठा भाग हिरव्या चॅनलमध्येच असल्याने ती बट काळवंडते. कमी केलेल्या 0.25 ला त्याच जागच्या पार्श्वभूमीच्या रंगाने गुणून ते मूल्य पिक्सेलमध्ये मिळवले, की बटेवर संध्याकाळचा उजेड पडल्यासारखा दिसतो. हा शेवटचा टप्पा नवशिके हमखास गाळतात.

हा नियम संपूर्ण चित्राला सरसकट लावू नये. पिवळ्या ओढणीत लाल 0.80, हिरवा 0.75 आणि निळा 0.20 असेल, तर हिरवा 0.50 वर उतरून ओढणी नारिंगी होईल. तेथे वेगळी मॅट तयार करून तो भाग वगळावा, किंवा सरासरीऐवजी लाल आणि निळ्यातील मोठे मूल्य ही मर्यादा धरावी.

चित्रीकरण ४:२:० मध्ये झाले असेल, तर रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्मीच नोंदलेली असते, त्यामुळे बारीक केसांची कड पायऱ्यापायऱ्यांची येते आणि कोणताही कीअर ती पूर्णपणे सावरू शकत नाही. अशा वेळी किमान ४:२:२ मध्ये, मुलीला पडद्यापासून बरेच पुढे उभे करून पुन्हा चित्रीकरण करणे शहाणपणाचे ठरेल.

शोरीलमध्ये मूळ चित्र, मॅट, हिरवी झाक काढलेले चित्र आणि अंतिम शॉट याच क्रमाने दाखवावे, आणि मुलगी मान वळवते तो क्षण निवडावा. स्थिर फ्रेममध्ये लपलेली थरथर तेथेच उघडी पडते.