धावत्या गाडीतून वाचायची पाटी: अक्षर केवढं, अंतर किती?

पाटी मोठी केली की ती आपोआप लांबून वाचता येते, या समजातून आलेली पत्रं संपत नाहीत. म्हणून निवडक पत्रांना इथेच एकत्र उत्तरं देतो.

हायवेलगत आमचं हॉटेल आहे. फ्लेक्सवाला म्हणतो, दहा सेंटीमीटरचं अक्षर भरपूर झालं. पाटीवर तीन नावं आहेत. चालेल ना?

चालणार नाही. फ्लेक्सवाल्याने ते अक्षर दुकानात टेबलावर पाहिलं आहे, तुमचं गिऱ्हाईक ते ताशी ८० च्या वेगात पाहणार आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. तीन नावं वाचून हवं ते शोधायला तीन सेकंद धरा, म्हणजे वाचता वाचता ६६ मीटर मागे पडले. शिवाय पाटी जवळ आली की ती चालकाच्या नजरेच्या बाजूला सरकते. समोरच्या दिशेपासून दहा अंशांपेक्षा जास्त मान वळवायला लागू नये, असं आम्ही धरतो. पाटी चालकापासून सात मीटर बाजूला असेल, तर शेवटचे ४० मीटर तिचा काही उपयोग नसतो. एकूण झाले १०६ मीटर.

अमेरिकेतला सावध नियम असा, की एक इंच उंचीचं अक्षर तीस फुटांवरून वाचता यावं. आपल्या मापात सांगायचं तर एका सेंटीमीटरला सुमारे ३.६ मीटर. या हिशेबाने तुम्हाला ३० सेंटीमीटरचं अक्षर लागेल. तुमचं दहा सेंटीमीटरचं अक्षर ३६ मीटरवरून वाचता येईल, आणि पाटी तर ४० मीटरवरच नजरेबाहेर गेलेली असेल. म्हणजे ती कुणीही मान न वळवता वाचूच शकणार नाही. वेग कमी केला तरी हे शेवटचे ४० मीटर कमी होत नाहीत. ते फक्त पाटी रस्त्यापासून किती दूर आहे यावर ठरतात.

हा अंदाज आहे, मंजुरी नव्हे. महामार्गालगत खासगी पाटी लावायला रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते. आधी ती घ्या, मग छापायला टाका.

पाटीवर फोन नंबर टाकू का?

नको.

इंग्रजी नावं सगळी कॅपिटलमध्ये लिहिली की लांबून वाचता येतात, हे खरं का?

अर्धवट खरं. एकेक अक्षर सुटं पाहिलं तर कॅपिटल उंच असतं, पण तेच नाव कॅपिटलमध्ये जास्त रुंदी खातं. तेवढ्याच पाटीत पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची लहान लिपीतली घेतली, तर अक्षरं मोठी करता येतात, शिवाय ओळखीच्या नावाचा आकार एका नजरेत कळतो. ब्रिटनमध्ये जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांनी मोटरवेच्या पाट्यांसाठी हीच पद्धत घेतली.

निविदेत 'अक्षराची उंची ३० सेंटीमीटर' लिहिलं आहे. मराठी अक्षरात ती कुठून कुठे मोजायची? कंत्राटदार आणि आम्ही भांडतोय.

भांडा, जरूर भांडा. माझी जुनी डोकेदुखी हीच आहे. रोमनमध्ये प्रश्न येत नाही, कॅपिटल अक्षर तळापासून माथ्यापर्यंत मोजतात. देवनागरीत वाचणाऱ्याची नजर शिरोरेषा ते अक्षराचा पाय एवढ्या पट्ट्यात असते. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार त्याच्या वर, उकार त्याच्या खाली. कंत्राटदार वेलांटीच्या माथ्यापासून उकाराच्या तळापर्यंत पट्टी लावतो, ३० भरले म्हणतो, आणि मुख्य अक्षराच्या वाट्याला सतरा-अठरा सेंटीमीटर उरतात. त्यामुळे वाचण्याचं अंतरही तेवढ्याच प्रमाणात घटतं. 'शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा आणि उकार सोडून' हे शब्द निविदेतच हवेत.

याहून वाईट प्रकार संगणकावर होतो. ऑपरेटर प्रत्येक नाव धरून ओळीच्या चौकटीत ताणून बसवतो. 'जत' या नावाला वर काही नाही, खाली काही नाही, ते चौकटभर फुगतं. 'पंढरपूर'ला वर अनुस्वार, खाली दीर्घ उकार. दोन्ही चौकटीत मावायचे, म्हणून अक्षरं आक्रसतात. एकाच पाटीवर जत मोठं आणि पंढरपूर लहान! पाटी ओळखायची सोपी खूण आहे: सगळ्या ओळींतल्या 'र'ची किंवा 'त'ची उंची मोजा. ती सारखी नसेल तर पाटी परत पाठवा.

आता अंतर. 'पा' लिहून पाहा. 'प'चा दंड आणि शेजारचा काना या दोन उभ्या रेघा अगदी लगटून येतात. लांबून त्या एक जाड रेघ होतात आणि 'पाली'चं 'पली' होतं. पुस्तकाच्या पानासाठी केलेल्या फॉन्टमध्ये हे अंतर पानापुरतं असतं, रस्त्यासाठी नसतं. माझा ठोकताळा असा, की दोन उभ्या रेघांमधली फट रेघेच्या जाडीइतकी तरी हवी, रात्रीच्या पाटीला दीडपट. पण संगणकात नुसतं अंतर वाढवलं की अनेकदा शिरोरेषा तुटते आणि नाव सुट्या अक्षरांची रांग दिसतं. अक्षरं दूर करून मधली शिरोरेषा त्याच जाडीने पुन्हा जोडावी लागते. हे हाताचं काम आहे, म्हणून टाळलं जातं.

ओळींमध्येही हात आखडू नका. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडता कामा नयेत. वरच्या अक्षराच्या पायापासून खालच्या शिरोरेषेपर्यंत एका मुख्य अक्षराएवढी जागा ठेवा. सही करण्यापूर्वी इंडियन रोड्स काँग्रेसची ६७ क्रमांकाची संहिता आणि तुमच्या खात्याचे कार्यकारी अभियंता, दोघांनाही विचारा.

'औरंगाबाद'च्या जागी 'छत्रपती संभाजीनगर' बसवायचं आहे. जुन्या पाटीवर पट्टी चिकटवून अक्षरं थोडी चेपली तर?

अजिबात चेपू नका. रुंदी निम्मी केली की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात, आणि 'छ', 'त्र', 'भ' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. उंची मोजणाऱ्याला पाटी बरोबर वाटते, वाचणाऱ्याला मात्र काही उमगत नाही. नाव दोन ओळींत घ्या किंवा पाटी बदला. नाव संक्षिप्त करायचं की नाही हे रंगाऱ्याने ठरवायचं नसतं, संबंधित खात्याकडून लेखी घ्या.

विक्रेता म्हणतो, सगळ्यात महाग चमकणारी शीट आणि अमेरिकेचा क्लिअरव्ह्यू फॉन्ट घ्या, रात्रीची चिंता मिटली. घेऊ का?

या फॉन्टची गोष्ट विक्रेता अर्धीच सांगतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००४ मध्ये त्याला तात्पुरती मान्यता दिली, २०१६ मध्ये काढून घेतली आणि २०१८ मध्ये पुन्हा दिली. जुन्या झिजलेल्या पाट्यांशी नव्या शीटवरच्या पाट्यांची तुलना झाली होती, त्यामुळे श्रेय फॉन्टचं की शीटचं यावर वाद झाला. तुमच्या मराठी ओळींना तो तसाही उपयोगाचा नाही.

शीटचं म्हणाल तर जास्त चमक म्हणजे जास्त वाचनीयता असं नाही. गडद पाटीवरची पांढरी अक्षरं हेडलाइटमध्ये कडेने फुलतात. 'भ'च्या शिरोरेषेतली फट बुजते आणि 'भोर' 'मोर' होतो, 'घ' आणि 'ध' यांचंही तेच. अशा पाटीला रेघ थोडी बारीक आणि अंतर थोडं मोकळं लागतं. पैसे देण्याआधी एका नावाचा पूर्ण मापाचा नमुना मागा, तो रात्री प्रत्यक्ष जागेवर उभा करा, तुम्ही डिपरवर गाडी चालवा, आणि ते नाव आधी माहीत नसलेल्या माणसाला शेजारी बसवून वाचायला लावा. मोबाइलवर काढलेला फोटो धरू नका, कॅमेरा चमक आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो. विक्रेता नमुना द्यायला कां-कूं करू लागला, तर शीटची चाचणी-प्रमाणपत्रं घेऊन आधी तुमच्या रस्त्याच्या अभियंत्याला दाखवा.