ब्रॅकेटिंगला बसण्याआधी

ब्रॅकेटिंग म्हणजे अज्ञात तीव्रतेच्या टेस्ट द्रावणाने आलेल्या आकुंचनाची उंची ज्ञात तीव्रतेच्या स्टँडर्डच्या दोन डोसांच्या मध्ये पकडून टेस्टची तीव्रता काढणं. परीक्षेत त्यासाठी गिनीपिगचं इलियम, म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, आणि हिस्टामिन आलं, तर टेस्टला लगेच हात लावू नकोस. आधी स्टँडर्डचे तीन-चार डोस देऊन आलेख कुठे सपाट होतो ते बघ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टिश्यू कमाल आकुंचनाला पोचलं की ०.४ आणि ०.८ मिलीची उंची सारखीच दिसते, आणि ते मॅचिंग खोटं ठरतं. उंची कमाल उंचीच्या निम्म्याच्या आसपास राहील असेच डोस घे.

समजा, स्टँडर्ड १० मायक्रोग्रॅम प्रति मिली आहे. टेस्टच्या ०.२ मिलीला ३८ मिमी उंची आली; स्टँडर्डच्या ०.१ ला ३० आणि ०.२ ला ४५. म्हणजे टेस्ट दोघांच्या मध्ये अडकली. आता ०.१५ देऊन बघ. ३८ आली, तर:

१० × ०.१५ ÷ ०.२ = ७.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली

खात्रीसाठी दोन्ही डोस दुप्पट कर: स्टँडर्ड ०.३, टेस्ट ०.४. उंची पुन्हा जुळायला हवी.

वेळ मात्र काटेकोर पाळ: औषधाचा संपर्क ३० सेकंद, मग तीनदा धुणं, आणि रेषा मूळ पातळीवर आल्याशिवाय पुढचा डोस नाही. टिश्यू हळूहळू थकतं, म्हणून जुळलेला स्टँडर्ड टेस्टनंतर पुन्हा एकदा देऊन बघ.