सुतळी आणि दोराच्या सांध्यावरून स्पंद उलटा का परततो?

प्रश्न: गोठ्याच्या खांबाला बांधलेल्या जाड दोराला सुतळी जोडून सुतळीला झटका दिला, तर सांध्यावरून परत येणारा स्पंद उलटा दिसतो, पण दोराकडून झटका दिला की सुलटा दिसतो. असे का?

उत्तर: दोन्हींतला ताण T सारखाच असतो, पण दर मीटरचे वस्तुमान μ धरल्यास स्पंदाचा वेग v = √(T/μ) असल्यामुळे, दर मीटरला सुतळीच्या चौपट वजनाच्या दोरात तो निम्मा होतो. सांधा तुटत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे विस्थापन तिथे सारखे असावे लागते. सांध्याला स्वतःचे वस्तुमान नगण्य असल्याने दोन्हींचा उतारही जुळावा लागतो. स्पंद ज्या बाजूने येतो तिथला वेग v₁ आणि सांध्यापलीकडचा v₂ धरला, तर या दोन अटींवरून परतणाऱ्या स्पंदाची उंची मूळ उंचीच्या (v₂ − v₁)/(v₂ + v₁) पट आणि पुढे जाणाऱ्याची 2v₂/(v₁ + v₂) पट येते. उत्तर ऋण आले, म्हणजे स्पंद उलटा.

सुतळीकडून झटका दिल्यास ३ सेंटिमीटरचा स्पंद १ सेंटिमीटर उलटा परततो आणि २ सेंटिमीटर सुलटा दोरात शिरतो. दोराकडून दिल्यास १ सेंटिमीटर सुलटा परततो, तर सुतळीत ४ सेंटिमीटरचा जातो. उंची वाढली तरी ऊर्जा वाढत नाही, कारण सुतळी हलकी आहे. दोन्ही वेळा ८/९ ऊर्जाच पुढे जाते.

खांबाशी v₂ शून्य धरा, म्हणजे स्पंद पूर्ण उलटा परततो. टोक गुळगुळीत सळईवर सरकणाऱ्या हलक्या कडीत असेल, तर तो पूर्ण सुलटा परततो आणि टोक क्षणभर दुप्पट उंच जाते. गाठ मात्र लहान बांधावी. जड गाठ स्वतःच स्पंद परतवते आणि वरचे आकडे जुळत नाहीत.