‘बाकी छान चाललंय’ म्हटलेल्या माणसाला काढताना

‘पहिल्यांदाच टीम माझ्या हाताखाली आली आहे. त्यातल्या एकाचं काम जमत नाही, त्याला कमी करायचं ठरलंय आणि ते मलाच सांगायचंय. निर्णय चुकीचा वाटत नाही, तरी झोप लागत नाही. त्याच्या घरच्यांचं काय होईल हेच डोक्यात फिरतं. नंतर ही टोचणी जाते का?’

असाच पेच घेऊन आलेल्या एका तरुण मॅनेजरची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘त्यांना याची कल्पना आहे का?’ ती म्हणाली, ‘असेलच की. किती वेळा बोललेय मी.’ काय बोललात ते दाखवा म्हटल्यावर तिने फोनवरचे जुने मेसेज काढले. एकात होतं, ‘रिपोर्टच्या वेळेकडे जरा बघा ना, बाकी छान चाललंय.’ पुढे हसरा चेहरा. पुढचे चार-पाच मेसेज त्याच चालीचे. तो तिच्याहून वयाने बराच मोठा, म्हणून ती प्रत्येक वाक्य साखरेत घोळवत होती. ऐकणाऱ्याने त्यातलं ‘छान’ तेवढं घेतलं, यात नवल काय?

तिची झोप उडाली होती ती इथे. निर्णय योग्य होता, पण समोरच्याला पुरेशी सूचना मिळालेली नाही हे तिला आतून ठाऊक होतं. अशी टोचणी समजूत काढून जात नाही, कारण तिच्यात तथ्य असतं. तेव्हा मनाचं काम बाजूला ठेवून आधी कागदाचं काम करावं लागतं.

तिने वरिष्ठांकडे सुधारणेसाठी सहा आठवडे मागितले. तत्पूर्वी मी तिला एक विचारलं, ‘या सहा आठवड्यांत ते खरंच सुधारले, तर तुम्ही त्यांना ठेवणार?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती मुदत म्हणजे निव्वळ नाटक, आणि नाटकाची टोचणी आणखी वाईट. तिने वेळ घेतला आणि ‘हो, ठेवीन’ म्हणाली.

मग लेखी मुद्दे ठरले, मोजता येतील असे. रिपोर्ट गुरुवारी दुपारी 12 पर्यंत. चुकांमुळे परत आलेला रिपोर्ट पंधरवड्यात एकापेक्षा जास्त नको. दर आठवड्याला वीस मिनिटं समोरासमोर बसणं, आणि झालेलं बोलणं त्याच दिवशी मेलवर. हे जमलं नाही तर नोकरी जाऊ शकते, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेलं. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, ‘काही अडचण आहे का? तब्येत, घरचं काही, की हे काम नीट शिकवलंच गेलं नाही?’ हा प्रश्न बरेच नवे मॅनेजर गाळतात; मग काढून टाकल्यावर खरं कारण कळतं. इथे तशी अडचण निघाली नाही. प्रशिक्षण देऊ केलं, त्याने ते टाळलं. दोन आठवडे काम सुधारलं, नंतर पुन्हा घसरलं, आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी दोघांसमोर तेच आकडे होते.

आता सांगण्याची वेळ. तिने लिहून आणलेलं पहिलं वाक्य असं होतं : ‘तुम्हाला माहीतच आहे, गेले काही महिने आपल्या सगळ्यांसाठीच जरा अवघड गेलेत...’ अशा सुरुवातीने समोरचा माणूस पाच मिनिटं टांगणीला लागतो. आम्ही ते खोडत खोडत एवढ्यावर आणलं : ‘आजची बातमी चांगली नाही. तुम्हाला कामावरून कमी करण्याचा निर्णय झाला आहे. या महिन्याची अखेर हा शेवटचा दिवस.’

एवढं बोलून गप्प बसायचं. नवखा माणूस घसरतो तो या शांततेत. तिला घाबरून तो एक तर पुन्हा सगळ्या चुका मोजायला लागतो, नाहीतर ‘बघते वर बोलून’ असं खोटं आश्वासन देऊन बसतो. म्हणून आम्ही सराव केला. मी तो झाले. एकदा चिडले, एकदा नुसती खाली बघत राहिले, एकदा ‘अजून एक महिना द्या’ म्हणाले. शेवटच्याला तिचं उत्तर ठरलं, ‘निर्णय बदलणार नाही. पुढे काय काय होईल ते सांगते.’ ‘मलाही फार त्रास होतोय’ हे वाक्य मात्र मी तिला पूर्ण बंद केलं. ज्याची नोकरी गेली, त्यानेच तुमची समजूत काढायची का?

बाकी तयारी रुक्ष, पण त्याहून कमी महत्त्वाची नाही. पत्र तयार, नोटिशीचा काळ आणि राहिलेला पगार किती ते लिहिलेलं, नियमांत बसतंय याची एचआरकडून आधी खात्री, आणि एचआरची व्यक्ती त्याच खोलीत. टीमला सांगायचं ते एकच वाक्य, कारणांशिवाय.

बैठक पंधरा मिनिटांत आटोपली. तो चिडला नाही. उठताना एवढंच म्हणाला, ‘मुलीची परीक्षा झाल्यावर सांगितलं असतं, तर...’

काही दिवसांनी ती परत आली ती हेच वाक्य घेऊन. बोलता बोलता बाकीचंही निघालं. त्याचं अर्धं काम ती स्वतः रात्री बसून करत होती. त्याला दुसरी नोकरी लागली का, हे रोज ऑनलाइन शोधत होती. आणि टीममधल्या एका नवख्या मुलीच्या रिपोर्टमधल्या चुका तिला न सांगता स्वतःच दुरुस्त करत होती. यातलं शेवटचं ऐकून मी वही पुढे केली, कारण ‘बाकी छान चाललंय’ची गाडी पुन्हा सुरू झाली होती.

वहीत एक वर्तुळ काढलं. त्याची नोकरी जायला काय काय कारण झालं, ते सगळं लिहायचं, प्रत्येकाला टक्के द्यायचे आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. हा क्रम महत्त्वाचा, नाहीतर अपराधी मन सुरुवातीलाच सगळं वर्तुळ बळकावतं. तिचे आकडे : मुळात वेगळ्या कामासाठी घेऊन या कामावर ढकललं, 25. आधीच्या मॅनेजरने डोळे झाकून चांगले शेरे दिले, 20. कामाचा बोजा मध्येच वाढला, 10. प्रशिक्षण आणि मदत टाळली ती त्याने स्वतः, 30. उरले 15. हे आकडे काही शास्त्रीय नाहीत, तिच्याच अंदाजाचे आहेत. पण ‘सगळं माझ्यामुळे’ आणि ‘पंधरा टक्के माझ्यामुळे’ यांच्यातलं अंतर कागदावर दिसलं की पुढचं बोलता येतं.

त्या पंधरात काय आहे, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, ‘सुरुवातीचे ते सगळे गोड मेसेज.’ मुलीच्या परीक्षेचं त्यात नव्हतं. तारीख तिला माहीत नव्हती, आणि तेवढ्यासाठी निर्णय दडवून ठेवला असता तर त्याला दुसरीकडे शोधायला वेळ कमी मिळाला असता. त्याचं वाईट वाटणारच, ते वाटू द्यावं. त्याची भरपाई करायची नसते.

तिला त्याला फोन करून माफी मागायची होती. मी विचारलं, ‘त्या फोनने हलकं कोणाला वाटेल?’ तिने फोन केला नाही. अनुभवाचं पत्र त्याने मागितलं तेव्हा मात्र लगेच दिलं, खरं तेवढंच लिहून. पंधरा टक्क्यांची परतफेड करायची ती आता उरलेल्या टीमशी. दुसऱ्या दिवशी तिने त्या नवख्या मुलीला बोलावून सांगितलं, ‘या रिपोर्टमध्ये तीन आकडे चुकलेत. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून दे, अडलं तर विचार.’ मुलगी खट्टू झाली, पण रिपोर्ट वेळेत आला. रात्रीचं काम टीममध्ये वाटायला मात्र तिला आणखी बराच काळ लागला.

तुमची बैठक अजून व्हायची आहे, तर आज तुमचे जुने मेल आणि मेसेज काढून वाचा, आणि त्यांच्या हाती फक्त तेवढेच आहेत असं समजून वाचा. नोकरी धोक्यात आहे हे त्यांतून कळत नसेल, तर तारीख पुढे ढकलायला सांगा. नंतरची टोचणी बहुतेकांची हळूहळू बोथट होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातलं लक्ष उडालेलंच राहिलं, तर तिला नुसती टोचणी समजू नका, डॉक्टरांना दाखवा.