आकृतीच नसताना पोस्टऑर्डर कशी काढायची?

प्रश्न: सेकंड इयरच्या जुन्या पेपरची झेरॉक्स अप्पा बळवंत चौकातून आणली. डेटा स्ट्रक्चर्सच्या एका प्रश्नात ट्रीची आकृतीच उमटलेली नाही. खाली फक्त इनऑर्डर ३ १ ९ ४ ७ ८ ५ आणि प्रीऑर्डर ७ ३ ९ १ ४ ५ ८ दिलंय, पोस्टऑर्डर विचारलीय. आकृतीशिवाय येईल का? आणि नुसती प्रीऑर्डर असती तर?

उत्तर: येईल, आणि उत्तर एकच येईल: १ ४ ९ ३ ८ ५ ७. सगळे आकडे वेगवेगळे असले की इनऑर्डर आणि प्रीऑर्डर या जोडीला एकच ट्री बसतं. आकृती हरवली असली तरी ती या दोन ओळींत शाबूत आहे.

प्रीऑर्डरमध्ये रूट सगळ्यात आधी येतो, म्हणजे इथे ७. आता इनऑर्डरमध्ये ७ शोधा. त्याच्या डावीकडे ३ १ ९ ४ आहेत, उजवीकडे ८ ५. डावीकडे चार नोड आहेत, म्हणून प्रीऑर्डरमध्ये ७ नंतरचे चार, म्हणजे ३ ९ १ ४, डाव्या भागाचे. उरलेले ५ ८ उजव्या भागाचे. प्रीऑर्डर कुठे तोडायची हे फक्त या मोजणीवरून ठरतं.

डाव्या भागात पहिला ३, म्हणून तिथला रूट ३. बरीच मुलं गडबडतात ती इथेच. प्रीऑर्डरमध्ये ३ च्या लगेच पुढे ९ आहे म्हणून ९ ला ३ चं डावं मूल करून टाकतात. पण इनऑर्डरच्या ३ १ ९ ४ या तुकड्यात ३ पहिलाच आहे. त्याच्या डावीकडे कोणीच नाही, त्यामुळे १ ९ ४ हे तिन्ही उजवीकडेच जातात. त्यांच्यात प्रीऑर्डरमध्ये आधी येणारा ९ रूट, १ त्याच्या डावीकडे आणि ४ उजवीकडे. ७ च्या उजव्या भागात रूट ५, आणि इनऑर्डरमध्ये ८ त्याच्या आधी आहे, म्हणून ८ डावीकडे.

```
      ७
    /   \
   ३     ५
    \   /
    ९  ८
   / \
  १   ४
```

आता डावं, उजवं, मग स्वतः असं वाचा: १ ४ ९ ३, मग ८ ५, शेवटी ७.

ट्री न काढताही हेच जमतं. पायथनमध्ये:

```python
def post(pre, ino):
    if not pre:
        return []
    k = ino.index(pre[0])
    return (post(pre[1:k+1], ino[:k])
            + post(pre[k+1:], ino[k+1:])
            + [pre[0]])
```

यातला `k` म्हणजे वर केलेली तीच मोजणी, डाव्या भागात किती नोड आहेत ती. एखादा आकडा दोनदा आला तर मात्र `index` पहिला सापडेल तोच उचलतो, आणि ट्री एकच असेल याची खात्रीही राहत नाही.

झेरॉक्सवर फार भरवसा ठेवू नका. ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक पायरीवर इनऑर्डरचा तुकडा आणि प्रीऑर्डरचा तुकडा यांत तेच नोड असायला हवेत. समजा प्रीऑर्डर १ २ ३ आणि इनऑर्डर ३ १ २ छापली आहे. रूट १, त्याच्या डावीकडे एकटा ३. पण प्रीऑर्डरमध्ये १ नंतर २ येतो. असं ट्रीच अस्तित्वात नाही, छपाई चुकली आहे. शेवटच्या पडताळणीसाठी पानं, म्हणजे मुलं नसलेले नोड, बघा. तिन्ही ट्रॅव्हर्सलमध्ये त्यांचा आपसातला क्रम तोच राहतो. इथे १, ४, ८ तिन्हीकडे याच क्रमाने येतात.

नुसती प्रीऑर्डर असती तर मात्र अवघड होतं. सात नोडांच्या एकाच प्रीऑर्डरला ४२९ वेगवेगळी ट्री बसतात, त्यामुळे पर्यायांतून अंदाजाने निवडण्यात अर्थ नाही. बायनरी सर्च ट्री आहे असं प्रश्नात स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इनऑर्डर म्हणजे चढता क्रम, तो तुम्हीच मांडू शकता, मग जोडी पूर्ण होते. तुमच्या प्रश्नातली इनऑर्डर चढती नाही, म्हणून इथे ती सवलत नाही.

प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर दिली, इनऑर्डर नाही, असाही प्रश्न येतो. वरच्या ट्रीत ३ ला एकच मूल आहे आणि ५ लाही. ९ ला ३ च्या डावीकडे सरकवा किंवा ८ ला ५ च्या उजवीकडे. प्रीऑर्डर तीच राहते, पोस्टऑर्डरही तीच. म्हणजे त्या जोडीला चार ट्री बसतात. प्रत्येक नोडला शून्य किंवा दोनच मुलं आहेत असं सांगितलं असेल, तरच ती जोडी पुरते.