उशिराचा माल उतरवून घेण्याआधी चार ओळी लिहा

प्रश्न: आमच्या पंपांसाठी ६०० कास्टिंगची ऑर्डर दिली होती, नग २,००० रुपयांना. मुदत १० जून. २०० नग वेळेत आले, २५० नग २८ जूनला आले, उरलेले १५० आता १९ जुलैला येणार आहेत. पीओमध्ये लिहिलंय, 'उशिरा येणाऱ्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला १ टक्का, जास्तीत जास्त १० टक्के दंड आकारला जाईल.' आमचे अकाउंटंट म्हणतात, ७२,००० कापा आणि तोवर २५० नगांचं बिल अडवा. पण या माणसाशी अकरा वर्षांचा व्यवहार आहे, पॅटर्नही त्यांच्याच फाउंड्रीत पडलेत, त्यांची उद्यम नोंदणी आहे. ते म्हणतात, तुम्हीच नमुना आठ दिवस उशिरा पास केलात. दंड लावू की सोडून देऊ?

उत्तर: दंड लावा. पण ७२,००० नाही, आणि बिल अडवून तर नाहीच. त्याआधीचं काम जास्त घाईचं आहे. १९ जुलैची गाडी तुमच्या गेटवर लागण्यापूर्वी पुरवठादाराला चार ओळींचा मेल गेला पाहिजे. तो गेला नाही, तर त्या १५० नगांवर दंड मागण्याचा हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने कच्चा करून ठेवाल.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५५ आहे. त्याचा शेवटचा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. ज्या करारात वेळ हा कराराचा गाभा असतो, तिथे मुदत उलटल्यावर तुम्हाला माल नाकारता येतो. नाकारण्याऐवजी तो स्वीकारलात, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. अपवाद एवढाच, की 'मी भरपाई मागणार आहे' हे तुम्ही स्वीकारतानाच समोरच्याला कळवलेलं हवं. स्वीकारतानाच, महिन्याभराने हिशेब लावताना नव्हे. आणि प्रत्यक्षात काय होतं? गाडी येते, स्टोअरवाला चलनावर सही करतो, जीआरएन निघतो, मालक व्हॉट्सॲपवर 'मिळाला, बाकीचा लवकर पाठवा' असं लिहितो. तीन महिन्यांनी दंडाची गोष्ट निघते, तेव्हा फाइलमध्ये तक्रारीचा एक शब्द नसतो. उलट तो व्हॉट्सॲप मेसेज मुदतवाढ म्हणून तुमच्याच विरुद्ध दाखवला जातो. कलम ६३ प्रमाणे मुदत वाढवून देण्याचा अधिकार तुम्हाला आहेच, त्यामुळे तुम्ही ती दिली असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

मेलमध्ये एवढंच लिहा:

"१९ जुलैला येणारे १५० नग आम्ही उतरवून घेणार आहोत. त्यांची मुदत १० जून होती. या विलंबाबद्दल पीओतील दंडाच्या कलमाप्रमाणे भरपाई मागण्याचा आमचा इरादा आहे आणि तो हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. माल घेतला म्हणजे मुदत वाढवली किंवा हक्क सोडला असा अर्थ घेऊ नये. रकमेचा हिशेब आपण समोरासमोर बसून करू."

स्टोअरला सांगून चलनाच्या दोन्ही प्रतींवर 'उशिरा मिळाला, दि. ... च्या मेलप्रमाणे हक्क राखून' असा शेरा मारून घ्या. ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या २००३ च्या निकालात पुरवठादाराने मुदतवाढ मागितली होती. ओएनजीसीने ती देतानाच उशिराची भरपाई कापली जाईल असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयात ती कपात टिकली.

मेल पाठवण्याआधी फाउंड्रीच्या मालकांना फोन करा. 'कागदावर हक्क राखून ठेवतोय, नाहीतर ऑडिटमध्ये मला उत्तर देता येणार नाही. रक्कम आपण बसून ठरवू,' असं आधी सांगितलेलं असलं की तोच मेल वाचताना समोरचा भडकत नाही. माझ्या पाहण्यात पुरवठादार दंडापेक्षा न सांगता बिलातून कापलेल्या पैशांवर जास्त चिडतात.

आता २८ जूनच्या २५० नगांचं. ते तुम्ही काही न बोलता घेतलेत, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो दावा मेला असं मी म्हणणार नाही. १९७९ मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की करारात विलंबाचा दंड आणि मुदतवाढीची सोय असली, तर वेळ हा गाभा होता असं सहसा म्हणता येत नाही. वेळ गाभा नसेल, तर नोटिशीची ती अट लागू पडत नाही आणि भरपाईचा हक्क उरतो. गंमत अशी, की हा दावा वाचवायला तुमच्याच वकिलाला 'वेळ इतकी महत्त्वाची नव्हती' असं म्हणावं लागेल. कोर्टात असा दावा चालतो, पण लंगडत. म्हणून या २५० नगांकडे वसुली म्हणून पाहू नका. सोडून देण्यासारखं काहीतरी तुमच्या हातात आहे, असं धरा. ते कुठे वापरायचं, ते पुढे सांगतो.

हिशेब करू. अकाउंटंटनी पूर्ण १२ लाखांवर सहा आठवडे धरलेत. कलमात 'उशिरा येणाऱ्या मालाच्या किमतीवर' असं आहे, मग वेळेत आलेल्या २०० नगांवर दंड कसा? २५० नग म्हणजे ५ लाख, १८ दिवस उशीर, म्हणजे तीन आठवडे धरून १५,०००. १५० नग म्हणजे ३ लाख, ३९ दिवस, म्हणजे सहा आठवडे धरून १८,०००. बेरीज ३३,०००. ७२,००० चं पत्र गेलं असतं, तर त्यांच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात ही चूक काढली असती आणि पुढे तुमचा खरा आकडाही संशयाने पाहिला गेला असता.

नमुन्याचे आठ दिवस खरे आहेत का, हे तुमच्या क्वालिटीच्या मेलमध्ये पाहा. खरे असतील, तर स्वतःहून मान्य करा. ज्याच्यामुळे काम अडलं, त्याने त्याच दिवसांचा दंड मागायचा, हे कुठलाही लवाद ऐकून घेणार नाही. आठ दिवस वजा केले की २५० नगांचा उशीर दहा दिवसांवर येतो, दंड १०,०००. १५० नगांचा ३१ दिवसांवर येतो, म्हणजे पाच आठवडे, दंड १५,०००. एकूण २५,०००.

हा आकडाही आपोआप मिळत नाही. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. २०१५ च्या कैलाश नाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की तोटाच झाला नसेल तर भरपाई नाही. तोटा मोजणं अवघड असेल तिथे पुराव्याची सूट मिळते, तोट्याचीच सूट मिळत नाही. त्यामुळे तुमच्या ग्राहकाने पंप उशिरा गेले म्हणून डेबिट नोट पाठवली असेल, घाईने वेगळी गाडी करावी लागली असेल, असेंब्लीची माणसं बसून राहिली असतील, तर ते कागद आजच एका फाइलमध्ये लावा. काहीच नसेल आणि गोदामातल्या जुन्या साठ्यावर काम भागलं असेल, तर दंडाचा आग्रह धरू नका. तसा आग्रह टिकणार नाही आणि संबंध मात्र जातील.

बिल अडवण्याबद्दल. तुमच्या कलमात 'दंड आकारला जाईल' आहे, 'बिलातून वजा करता येईल' नाही. हा फरक मोठा आहे. वजावटीचा अधिकार लिहिलेला नसताना भरपाईचा दावा म्हणजे अजून ठरायची बाब असते. तिच्यापोटी तुम्ही स्वतःच ठरलेलं बिल कापलंत, तर थकबाकीदार तुम्ही ठरता. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला २००६ चा एमएसएमईडी कायदा लागतो. माल स्वीकारल्यापासून ठरल्या मुदतीत, आणि करार काहीही म्हणो, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पुरवठादार थकलेल्या पैशांसाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाऊ शकतात, आणि तिथे तुमच्या विरोधात निवाडा झाला तर त्याला आव्हान द्यायला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. २५,००० च्या दंडापायी ५ लाखांचं बिल अडवणं परवडणारं नाही. बिल वेळेत भरा. नंतर दंड मागितलात तर तुमच्या मागणीत वजन येतं, कारण 'पैसे द्यायचे नाहीत म्हणून कारणं शोधतायत' असं त्यांना म्हणता येत नाही.

कोर्टासाठी तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून वसुलीची घाई नाही. सगळा माल आल्यावर आठवड्याभरात त्यांच्याकडे जा, त्यांना बोलावू नका. २५,००० चा कागद समोर ठेवा, आठ दिवस आम्ही आमच्या अंगावर घेतले हे दाखवा, मग २५० नगांचे १०,००० सोडा. उरले १५,०००. त्याची त्यांनी क्रेडिट नोट द्यायची, ती पुढच्या तीन बिलांत ५,००० प्रमाणे वळती करायची. निव्वळ विलंबाची भरपाई असेल तर तिच्यावर जीएसटी लागत नाही, हे २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. क्रेडिट नोट तशी लिहिली आहे ना, हे अकाउंटंटना पाहायला सांगा. १०,००० सोडल्याचा कागद मात्र करा: 'ही सूट फक्त या पीओच्या २८ जूनच्या मालापुरती, पुढच्या ऑर्डरींना लागू नाही.' हे वाक्य नसेल, तर पुढच्या वर्षी 'मागच्या वेळी तुम्ही सोडलं होतं' हे ऐकायची तयारी ठेवा.

ते १५,००० रोख द्यायला तयार नसतील, तर त्याऐवजी तुमच्या नेहमीच्या मापाचे ५० नग त्यांनी कायम स्टॉकमध्ये ठेवावेत, असं मागून पाहा. तुमच्या जागी मी असतो तर पैशांऐवजी हेच आधी मागितलं असतं.

त्या बैठकीत आणखी एक काम उरकून घ्या. तुमचे पॅटर्न त्यांच्याकडे किती आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, मालकी तुमची आहे आणि मागितल्यावर सात दिवसांत परत द्यायचे, अशी यादी करून दोघांच्या सह्या घ्या. संबंध चांगले असताना ही सही पाच मिनिटांत मिळते.