स्टायपेंड, पीएफ आणि "ट्रेनी": पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आयटीआय करून कंपनीत अप्रेंटिस लागलोय, सहा महिने झाले, पीएफ कापत नाहीत. ही फसवणूक आहे का?

सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमचं कॉन्ट्रॅक्ट नोंदलेलं असेल तर नाही.

कायद्याने अप्रेंटिसला किमान वेतन मिळालंच पाहिजे असा मेसेज ग्रुपवर आलाय. मला ७ हजारच मिळतात.

तो मेसेज मलाही दर महिन्याला कुणीतरी पाठवतं, आणि तो चूक आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याच्या कलम १८ मध्ये सरळ लिहिलंय की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. पगार कामाचा असतो, स्टायपेंड शिकण्याच्या काळातला निर्वाह म्हणून देतात. म्हणून त्याची किमान रक्कम किमान वेतनाच्या तक्त्यात नसते, अप्रेंटिसच्या नियमात असते. २०१९ च्या दुरुस्तीत ती शिक्षणाप्रमाणे ५ हजारांपासून ९ हजारांपर्यंत धरली होती, आयटीआयवाल्याला ७ हजार, आणि दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. आकडे बदलतात, तेव्हा आजचा आकडा पोर्टलवर बघा, ग्रुपवर नको.

यात एक खूण मात्र लक्षात ठेवा. कायद्याने स्टायपेंड नगावर देता येत नाही, आणि उत्पादनाचा बोनस किंवा इन्सेंटिव्हही देता येत नाही. "एवढे पीस काढलेस तर एवढे पैसे" असं चालू असेल तर तिथे शिकवणं नाही, काम चाललंय, आणि मग खालचा प्रश्न तुमचाही आहे.

चाकणला एका कंपनीत "ट्रेनी ऑपरेटर" म्हणून १४ महिने झाले. १३ हजार स्टायपेंड, पीएफ नाही, ईएसआय नाही. शिकवणारं कुणी नाही, पहिल्या आठवड्यापासून मशीनवर उभा आहे, बारा तासांची शिफ्ट. एचआर म्हणतात ट्रेनीला काही लागू नसतं.

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं, कारण शब्द तोच पण माणूस वेगळा, आणि याचा फायदा घेणाऱ्या कंपन्या आणि त्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार भरपूर आहेत. नीट वाचा.

जुन्या पीएफ कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत अप्रेंटिस धरलेला होता. वगळले होते फक्त दोघे, १९६१ च्या कायद्याखाली नेमलेला आणि कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डरखाली, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या मंजूर नियमांखाली, नेमलेला. म्हणजे ऑफर लेटरवर "ट्रेनी" छापल्याने कुणी बाहेर जात नाही, त्यामागे या दोनातला एक कागद खरोखर लागतो. ईएसआयचं अजून कडक. २०१० च्या दुरुस्तीनंतर तिथे फक्त १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस बाहेर राहिला, स्टँडिंग ऑर्डरवाली पळवाट गेली, आणि ज्याचं ट्रेनिंग वाढवत नेलंय तोही आत धरला. तुमचे १३ हजार ईएसआयच्या २१ हजारांच्या मर्यादेत आणि पीएफच्या १५ हजारांच्याही मर्यादेत बसतात.

तेव्हा पहिलं काम, apprenticeshipindia.gov.in वर लॉगिन करा आणि तुमच्या नावाचं कॉन्ट्रॅक्ट आहे का बघा. पदवी किंवा डिप्लोमावाल्यांनी नॅट्सचं पोर्टल बघावं. कॉन्ट्रॅक्ट नंबर असेल तर तुम्ही अप्रेंटिस, नंबरच नसेल तर एचआरने स्टँडिंग ऑर्डर दाखवावी. स्टँडिंग ऑर्डरचा बचाव अगदी पोकळ नाही हेही सांगतो, २००६ साली सुप्रीम कोर्टाने सुपारी-कोको सहकारी संस्थेच्या केसमध्ये अशा ट्रेनींना पीएफमधून बाहेर ठेवलं होतं. पण तिथे प्रशिक्षणार्थी म्हणूनच घेतलेले लोक होते. तुमच्याकडे शिकवणारा नाही, अभ्यासक्रम नाही, नेहमीचं उत्पादन तुम्हीच काढताय, हे सिद्ध झालं तर नावाला फारशी किंमत राहत नाही. शिवाय खऱ्या अप्रेंटिसकडून अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, त्यामुळे बारा तासांची शिफ्ट हीच तुमची मोठी साक्ष आहे.

आता हिशोब. १३ हजारांचे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये महिना. १४ महिन्यांचे २१,८४०, हा झाला कंपनीचा वाटा. तुमचा वाटाही तेवढाच, पण वेळेत कापला नाही तर मालकाला तो नंतरच्या पगारातून सहसा कापता येत नाही, म्हणजे चौकशीत ठरलं तर दोन्ही मिळून ४३,६८० मालकावर येतात, व्याज आणि दंड वेगळा. म्हणूनच तर "ट्रेनी" शब्द एवढा आवडतो त्यांना.

काय करायचं ते सांगतो. पंचिंगचे फोटो, शिफ्टचे मेसेज, बँकेत जमा झालेले पैसे, ऑफर लेटर हे सगळं आजच गोळा करा, नोकरी सुटल्यावर मिळत नाही. मग पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर किंवा ऑफिसात अर्ज द्या, ते चौकशी लावू शकतात. एकट्याने जाऊ नका, सोबतच्या पाचसहा जणांचे कागद एकत्र आले की फाइल हलते. आणि आधी कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला स्टँडिंग ऑर्डर दाखवा, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय आणि तिच्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत फक्त १९६१ च्या कायद्याचा अप्रेंटिस वगळलाय. तुमच्या १४ महिन्यांपैकी कुठले जुन्या कायद्यात येतात आणि कुठले नव्या, हे कागद बघूनच सांगता येईल. "पीएफ मिळवून देतो, आधी ५ हजार द्या" म्हणणाऱ्या एजंटला मात्र दारातूनच परत पाठवा.

माझा मुलगा २० वर्षांचा, नोंदणी झालेला अप्रेंटिस. प्रेसमध्ये तर्जनी गेली. कंपनी म्हणते ईएसआय नाही, त्यामुळे भरपाई नाही.

ईएसआय नाही हे खरं, भरपाई नाही हे खोटं. अप्रेंटिस कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्रशिक्षणात झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, आणि ती कामगार भरपाई कायद्याच्या पद्धतीने मोजायची, फक्त पगाराच्या जागी स्टायपेंड धरायचा. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात, आणि २० वर्षांच्या वयाचा गुणक २२४ आहे. स्टायपेंड ७ हजार असेल तर ६० टक्के म्हणजे ४,२००, गुणिले २२४ झाले ९,४०,८००, त्याचे १४ टक्के १,३१,७१२ रुपये. बोट अर्धंच गेलं असेल तर टक्का कमी होतो, म्हणून डॉक्टरच्या कागदावर नेमकं कुठपर्यंत गेलं ते लिहून घ्या. अपघाताची तारीख आणि वेळ कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. आणि "बरा झाला की बघू" यावर सही करू नका, हे वाक्य ऐकून वर्ष वर्ष थांबलेले पालक मी पाहिलेत. याच आठवड्यात वकील गाठा.

अप्रेंटिसशिपचं वर्ष ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांत धरतात का?

नाही, ग्रॅच्युइटीच्या व्याख्येत अप्रेंटिस नाही. पण वरच्या चाकणच्या मुलासारखं तुमचं ट्रेनिंग नावापुरतं असेल तर वेगळं बोलता येईल, कागद घेऊन कुणाला तरी दाखवा.